ऑप्शन पोर्टफोलिओची ताण-चाचणी: गॅप आणि आयव्हीच्या उडीचं ग्रिड कसं बांधायचं, कसं वाचायचं

ऑप्शन विकणाऱ्याच्या स्क्रीनवर डेल्टा, गॅमा, व्हेगा हे आकडे, म्हणजे ग्रीक्स, असतात. ते खरे असतात, पण भाव आत्ता आहे तिथंच राहिला तर. भाव दोन-तीन टक्के सरकला तरी ते साधारण चालतात. रात्रीतून पंधरा टक्क्यांचा गॅप पडला की ते आकडे दुसऱ्याच पोर्टफोलिओचे होतात. म्हणून ताण-चाचणीत ग्रीक्सना गुणाकार करून तोटा काढत नाहीत. प्रत्येक ऑप्शनची किंमत नव्या भावावर आणि नव्या आयव्हीवर, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेल्या चढ-उताराच्या अंदाजावर, पुन्हा मोजतात. आडव्या अक्षावर भावातला गॅप, उभ्या अक्षावर आयव्हीतली उडी, आणि प्रत्येक घरात त्या प्रसंगातला नफा-तोटा. हेच ग्रिड.

एकच छोटा पोर्टफोलिओ घेऊन ते बांधून बघू.

पोर्टफोलिओ

मूळ भाव १००, मुदत ३० दिवस, व्याजदर शून्य धरला आहे. सौदे तीन:

- १०५ चा कॉल, १,००० नग विकलेला, आयव्ही १८%, किंमत ०.४९
- ९५ चा पुट, १,००० नग विकलेला, आयव्ही २२%, किंमत ०.७२
- ८५ चा पुट, २,००० नग विकत घेतलेला, आयव्ही २८%, किंमत ०.०६

हातात निव्वळ सुमारे १,०९० आले. मांडणी ओळखीची आहे: स्ट्रँगल विकला आणि मोठ्या पडझडीसाठी खालचे स्वस्त पुट दुपटीनं घेतले. ग्रीक्सही निरुपद्रवी दिसतात. डेल्टा उणे १९, म्हणजे जवळपास शून्य. गॅमा उणे ८३. व्हेगा उणे १२८, म्हणजे आयव्ही एक अंकानं वाढली की सुमारे १२८ चा तोटा.

हे आकडे वाचून नवखा माणूस म्हणेल की सगळ्यात वाईट प्रसंग ठरलेलाच आहे: भाव कोसळला आणि आयव्ही भडकली. हा समज या पोर्टफोलिओत चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे ग्रिडशिवाय दिसत नाही.

पहिली पायरी: अक्ष ठरवणं

भावाच्या अक्षासाठी इतिहासाकडे बघावं, पण फक्त गेल्या वर्षभराकडे नाही. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. १६ मार्च २०२० ला एस अँड पी ५०० सुमारे १२ टक्के पडला. निर्देशांकासाठी खाली २० टक्क्यांपर्यंत जाणं म्हणूनच अतिरेक ठरत नाही. एकट्या शेअरला निकालाच्या दिवशी याहून जास्त लागू शकतं.

आयव्हीसाठी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे: ५ फेब्रुवारी २०१८. त्या दिवशी एस अँड पी ५०० फक्त ४.१ टक्के पडला, पण व्हिक्स, म्हणजे त्याच्या ऑप्शनच्या आयव्हीचा निर्देशांक, १७.३१ वरून ३७.३२ वर बंद झाला. म्हणजे वीस अंकांच्या उडीसाठी महाप्रलय लागत नाही. शिवाय उडी ‘अंकांत’ लिहायची की ‘टक्क्यांत’, हे आधीच ठरवून प्रत्येक ओळीला तसं नाव द्यावं. आयव्ही २० असताना ‘५० टक्के वाढ’ म्हणजे ३०, आणि ‘५० अंक वाढ’ म्हणजे ७०. या एका गोंधळामुळे अख्खं ग्रिड वाया गेलेलं बघायला मिळतं.

इथे रकाने −२०, −१५, −१०, −५, ०, +५, +१० टक्के घेतले आहेत आणि ओळी ०, +१०, +२० अंक.

रकान्यांमधलं अंतर स्ट्राइक बघून ठरवावं. आपल्याकडे ९५ आणि ८५ आहेत, तेव्हा पाच-पाचची पायरी या दोन्ही ठिकाणी पाय ठेवते. दहा-दहाची पायरी घेतली असती तर काय झालं असतं, ते मुदतीच्या दिवसाचा हिशेब करून बघा. भाव ९० वर: ९५ च्या पुटवर ५,००० गेले, आलेले १,०९० वजा केले की तोटा सुमारे ३,९१०. भाव ८० वर: ९५ च्या पुटवर १५,००० गेले, ८५ च्या पुटवर १०,००० आले, तोटा पुन्हा सुमारे ३,९१०. दोन्ही घरं सारखी, म्हणून मधलंही तसंच असेल असं वाटतं. पण भाव ८५ वर थांबला तर ९५ च्या पुटवर १०,००० जातात आणि ८५ चे पुट एक पैसाही देत नाहीत. तोटा सुमारे ८,९१०. एवढी खोल दरी दोन सोज्वळ घरांच्या मध्ये लपली होती.

दुसरी पायरी: पूर्ण पुनर्मूल्यांकन

स्प्रेडशीटमध्येही जमतं, पण खालचा पायथन कोड पुरेसा आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही.

```python
from math import log, sqrt
from statistics import NormalDist
N = NormalDist().cdf

def price(kind, S, K, T, v):
    s = v * sqrt(T)
    d1 = log(S / K) / s + s / 2
    d2 = d1 - s
    if kind == "C":
        return S * N(d1) - K * N(d2)
    return K * N(-d2) - S * N(-d1)

book = [("C", 105, .18, -1000),
        ("P", 95, .22, -1000),
        ("P", 85, .28, 2000)]

def value(S, dv, T):
    return sum(q * price(k, S, K, T, v + dv)
               for k, K, v, q in book)

T = 30 / 365
base = value(100, 0, T)
gaps = (-.20, -.15, -.10, -.05, 0, .05, .10)
for dv in (0, .10, .20):
    print([round(value(100 * (1 + g), dv, T) - base)
           for g in gaps])
```

`book` मधला शेवटचा आकडा नगांचा: विकलेले उणे, घेतलेले अधिक. सूत्र ब्लॅक-शोल्सचं आहे आणि ते मुदतीपर्यंत न वटवता येणाऱ्या ऑप्शनसाठी आहे. मुदतीआधी वटवता येणारे पुट असतील तर बायनोमियल पद्धत घ्यावी. ग्रिडची बाकीची रचना तीच राहते.

पहिली तपासणी: शून्य गॅप आणि शून्य उडीचं घर शून्यच यायला हवं. दुसरी: शून्य गॅप आणि +१० च्या घरात व्हेगाच्या दहापट, म्हणजे उणे १,२८० च्या आसपास आकडा दिसायला हवा. तो उणे १३ किंवा उणे २१ हजारांच्या आसपास आला तर आयव्ही कुठंतरी टक्के आणि दशांश यांच्यात अडकली आहे.

आलेलं ग्रिड, दहाच्या पटीत पूर्ण करून:

| आयव्ही \ गॅप | −२०% | −१५% | −१०% | −५% | ० | +५% | +१०% |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ० | −२,१९० | −३,५५० | −२,५८० | −८०० | ० | −१,२०० | −४,४८० |
| +१० अंक | −७६० | −१,९८० | −१,८२० | −१,२३० | −१,२९० | −२,७०० | −५,५७० |
| +२० अंक | +६२० | −७२० | −१,२५० | −१,६०० | −२,४२० | −४,१३० | −६,८५० |

तिसरी पायरी: ग्रिड वाचणं

रकाने वरून खाली वाचा. शून्य गॅपच्या रकान्यात आयव्ही वाढते तसा तोटा वाढतो. व्हेगा उणे आहे, तेव्हा हे अपेक्षितच. −५ मध्येही तसंच. पण −१० च्या रकान्यात चित्र उलटतं: २,५८० चा तोटा आयव्ही वीस अंकांनी वाढल्यावर १,२५० वर येतो. −२० मध्ये तर तो नफा होतो. कारण भाव ९० पर्यंत उतरला की ८५ चे २,००० पुट भावाच्या जवळ येतात आणि आयव्हीचा सगळा फायदा ते घेतात. ९५ चा पुट तोवर खोल आत गेलेला असतो, त्याला आयव्हीचं फारसं सोयरसुतक उरत नाही. व्हेगाचं चिन्हच बदललं. पडझडीत या पोर्टफोलिओला आयव्ही भडकायला हवी आहे. भाव पडला आणि आयव्ही शांत राहिली, तर दुखतं.

ग्रीक्सनी हे कसं सांगितलं असतं? −१५ टक्के आणि +२० अंक या घरासाठी डेल्टाचा हिशेब सुमारे +२८०, गॅमाचा उणे ९,३५०, व्हेगाचा उणे २,५६०. एकूण उणे ११,६३०. खरा आकडा उणे ७२०. फरक सोळा पट. हाच फरक उलट दिशेनं पडला असता, तर ‘तोटा थोडका आहे’ असं समजून माणूस झोपला असता. गंमत म्हणजे +१० टक्के आणि ० च्या घरात ग्रीक्सचा अंदाज उणे ४,३४० येतो, खऱ्या ४,४८० च्या अगदी जवळ. अंदाज कधी जुळतो, कधी नाही, आणि कुठे जुळेल ते आधी कळत नाही. हीच त्याची खरी अडचण.

आता सगळ्यात वाईट घर बघा: उजवा खालचा कोपरा, उणे ६,८५०. विमा खालच्या बाजूला घेतला आणि वरची बाजू उघडी राहिली. निर्देशांकात भाव दहा टक्के उसळून आयव्हीही वीस अंकांनी चढणं दुर्मीळ आहे, कारण तिथं वर जाताना आयव्ही बहुधा उतरते. एकट्या शेअरवर ताबा मिळवण्याची बातमी आली किंवा कच्च्या मालाचा पुरवठा तुटला, तर दोन्ही एकत्र चढू शकतात. म्हणून हे घर पुसायचं नाही. त्यावर ‘या मालमत्तेत शक्यता कमी’ अशी खूण करायची. पण त्याच रकान्यातलं वरचं घर, उणे ४,४८०, याला अशी कुठलीच सबब नाही. त्याला फक्त भाव वर जायला हवा.

‘०’ ची ओळ फसवी असते

वरच्या कोडमध्ये प्रत्येक स्ट्राइकला तिची स्वतःची आयव्ही चिकटून आहे. ८५ च्या पुटला २८ टक्के, भाव कुठंही गेला तरी. म्हणजे भाव ८५ वर आला, तेव्हा भावाजवळच्या ऑप्शनची आयव्ही आपण गुपचूप २० च्या आसपासवरून २८ वर नेली. ओळीवर शून्य लिहिलं आहे, पण आत आठ अंकांची वाढ दडली आहे.

दुसरा समज असा धरता येतो की आयव्हीचा वक्र भावाबरोबर सरकतो: भाव जिथं असेल तिथं २० टक्के. मग भाव ८५ वर असताना ८५ च्या पुटला २० टक्के आणि ९५ च्या पुटला साधारण १६ टक्के द्यावी लागते. त्याच −१५ च्या घरात तोटा ३,५५० ऐवजी सुमारे ५,०३० होतो. दोन्ही समज वापरात आहेत आणि बाजार कधी एकासारखा वागतो, कधी दुसऱ्यासारखा. नवख्यांनी ग्रिड दोन्ही प्रकारे काढून जे वाईट येईल ते धरावं. कोणतं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते यातलं काय करतं, हे त्याच्या मदत-पानावर शोधा. तिथं लिहिलेलं नसेल तर भाव हलवून एका ऑप्शनची आयव्ही बदलते का, ते बघितलं की उत्तर मिळतं.

वेगवेगळ्या मुदतींचे सौदे असतील तर आणखी एक गोष्ट. धक्क्यात जवळच्या मुदतीची आयव्ही जास्त उडते, लांबची कमी. सगळ्यांना सरसकट +२० दिलं, तर जवळचं विकून लांबचं घेतलेला कॅलेंडर स्प्रेड कागदावर नफ्यात दिसतो आणि खऱ्या धक्क्यात रडवतो. सोपा उपाय असा: ३० दिवसांच्या उडीला ३० भागिले उरलेले दिवस यांच्या वर्गमुळानं गुणायचं. ९० दिवसांसाठी ते ०.५८ येतं, म्हणजे २० अंकांची उडी ११.५ होते. हा ठोकताळा आहे, नियम नाही. पण सरसकट उडीपेक्षा खूपच बरा.

चौथी पायरी: तेच ग्रिड पुढच्या तारखेला

ही पायरी सर्रास वगळली जाते, आणि या पोर्टफोलिओचा खरा धोका इथंच आहे. समजा तेवीस दिवस गेले, भाव अजून १०० वर आहे, सात दिवस उरले. पोर्टफोलिओ बंद करायला आता फक्त ८० च्या आसपास लागतात. म्हणजे १,०९० पैकी १,०१० नफा जमा झाल्यात जमा आहे. सगळं सुरळीत दिसतं. कोडमध्ये `T = 7 / 365` करा आणि −१५ चा रकाना बघा. आयव्ही न हलता तोटा ७,२९० आणि आयव्ही वीस अंकांनी चढली तरी ५,४७०.

पहिल्या दिवशी हीच दोन घरं ३,५५० आणि ७२० होती. सौदे तेच, नग तेच. फक्त ८५ च्या पुटमधला वेळ संपत आला, त्यामुळे आयव्ही वाढली तरी त्यांना किंमत चढेना. विमा होता, पण त्याची मुदत विकलेल्या ऑप्शनबरोबरच विझत गेली. म्हणून पोर्टफोलिओ उभा करतानाच तीन ग्रिडं काढावीत: आजचं, अर्ध्या मुदतीचं आणि शेवटच्या आठवड्याचं. नंतर रोज बाजार बंद झाल्यावर आजचं ग्रिड पुन्हा काढावं, कारण स्ट्राइकपासूनचं अंतर रोज बदलतं.

पाचवी पायरी: मर्यादा आणि दुरुस्ती

ग्रिड काढण्याआधी एक आकडा लिहून ठेवा: कोणत्याही पटण्याजोग्या घरात याहून जास्त तोटा चालणार नाही. आकडा नंतर ठरवला की तो ग्रिडला सोयीस्कर असाच निघतो. समजा तो ४,५०० आहे.

उजवी बाजू मोडायला ११५ चा कॉल १,००० नग घेऊन बघू. १८ टक्के आयव्हीवर सूत्र त्याची किंमत ०.००६ सांगतं. तेवढ्यात कुणी देणार नाही. लांबच्या स्ट्राइकला बाजार सूत्रापेक्षा जास्त मागतो. ०.०५ धरा, म्हणजे खर्च ५०. +१० आणि ० च्या घरातला तोटा ४,४८० वरून सुमारे ३,९०० वर येतो आणि कोपऱ्यातला ६,८५० वरून ४,१०० वर. मोठा फरक कोपऱ्यात पडला, कारण तिथं आयव्हीही चढलेली आहे.

डाव्या बाजूची दरी मात्र अजून तशीच आहे. ८५ चे आणखी पुट घेऊन ती भरत नाही, कारण मुदतीच्या दिवशी भाव ८५ वरच थांबला तर कितीही पुट घेतले तरी त्यांची किंमत शून्य. दोनच मार्ग उरतात. खरेदीचा स्ट्राइक वर, ९० कडे आणायचा आणि जास्त प्रीमियम मोजायचा. किंवा शेवटच्या आठवड्यात ९५ चा पुट परत घेऊन टाकायचा. सात दिवस उरले असताना, भाव १०० वरच असेल तर, तो ०.०६ च्या आसपास मिळतो. ६० वाचवण्यासाठी ७,२९० चं घर अंगावर ठेवणं हा सौदा लिहून काढला की कुणालाच पटत नाही.

ग्रिडमध्ये जे मावत नाही

स्टॉप-लॉस ग्रिडमध्ये धरू नका. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेनं युरोसाठीची १.२० ची किमान पातळी सोडली, तेव्हा काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांवर लावलेले स्टॉप तिथं पूर्ण झालेच नाहीत. गॅप म्हणजे मधे व्यवहारच नाहीत.

ग्रिडमधली प्रत्येक किंमत खरेदी-विक्रीच्या मधल्या भावाची आहे. धक्क्यात हे अंतर रुंदावतं. ते ०.६० झालं असं धरलं, तर प्रत्येक नगाला अर्धं, म्हणजे ०.३०. ११५ चा कॉल धरून ५,००० नग बाहेर काढायला १,५०० लागतील. बाहेर पडायचा विचार असेल तर ही रक्कम प्रत्येक घरातून वजा करा.

आणि मार्जिन. मार्जिन मोजण्याची स्पॅन ही पद्धत शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजनं १९८८ मध्ये आणली. तीही अशाच भाव-आयव्हीच्या सोळा प्रसंगांवर चालते, पण तिथल्या पट्ट्याची रुंदी एक्स्चेंज ठरवतं आणि धक्क्यानंतर ती वाढवतं. तोटा अंगावर आलेला असतानाच जास्त पैसे मागितले जातात. खात्यात मोकळी शिल्लक किती हवी, हे ठरवताना वाईट घरातला तोटा आणि त्याच घरात बसून लागणारं नवं मार्जिन यांची बेरीज करावी लागते. त्यासाठी तो भाव आणि ती आयव्ही ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये घालता येते का ते बघा. येत नसेल तर आजच्या मार्जिनची दुप्पट धरून चाला.